दीडशे चिन्हांत लोणार

लोणार सरोवराची माहिती देणाऱ्या एखाद्या मराठी पानाची सुरुवात अशी आहे, असे समजू:

‘निसर्गाच्या कुशीत दडलेले अनेक चमत्कार आपल्या महाराष्ट्राला लाभले आहेत. सह्याद्रीच्या रांगा, अथांग समुद्रकिनारा, घनदाट अरण्ये अशा या वैभवात विदर्भाचेही मोलाचे स्थान आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उल्कापातामुळे तयार झालेले खाऱ्या पाण्याचे सरोवर जगभरातील अभ्यासकांचे आकर्षण ठरले आहे. या लेखात आपण सरोवराचा इतिहास, तिथली मंदिरे, जाण्याचा मार्ग आणि योग्य काळ यांची माहिती घेणार आहोत.’

अशा प्रस्तावना मराठीत पुष्कळ सापडतात. लेख निवांत वाचायला बसलेल्या वाचकाला त्यांचा त्रास होत नाही. पण गुगलवर काही शोधणारा माणूस निवांत बसलेला नसतो. त्याच्यासमोर दहा पानांची नावे असतात आणि प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरांत दोन-तीन ओळींचे वर्णन असते. त्या ओळी वाचून तो कोणते पान उघडायचे ते ठरवतो. या वर्णनाला स्निपेट म्हणतात. पान तयार करणाऱ्याने आपल्या बाजूने जे वर्णन सुचवायचे असते त्याला मेटा डिस्क्रिप्शन म्हणतात. ते पानावर कुठे दिसत नाही, पानामागच्या कोडमध्ये असते.

संकेतस्थळे चालवणाऱ्यांमध्ये या वर्णनासाठी साधारण १५५ चिन्हांचा संकेत रूढ आहे. वेगळे वर्णन लिहिलेले नसेल, तर बऱ्याच ठिकाणी प्रस्तावनेचाच पहिला तुकडा कापून तिथे बसवला जातो. वरची प्रस्तावना नेमक्या १५५व्या चिन्हावर कापली तर तिचा शेवट असा होतो: ‘…अशा या वैभवात विदर्भाचेही मोला’. या तुकड्यात लोणार नाही, सरोवर नाही आणि बुलढाणाही नाही. लोणार हे नाव प्रस्तावनेत पहिल्यांदा येते ते १९०व्या चिन्हाला. ‘लोणारला कसे जायचे’ असे शोधणाऱ्याला हे वर्णन काहीच सांगत नाही.

१५५ हा आकडा गुगलचा नियम नाही, हे आधी सांगायला हवे. वर्णन किती लांब असावे यावर बंधन नाही आणि दाखवताना ते उपकरणाच्या रुंदीनुसार कापले जाते, एवढेच गुगल सांगते. डिसेंबर २०१७मध्ये गुगलने ही जागा वाढवली आणि तीनशेच्या आसपास चिन्हे दिसू लागली. तेव्हा अनेकांनी आपली वर्णने लांबवून पुन्हा लिहिली. मे २०१८मध्ये जागा पूर्वीसारखी कमी झाली आणि ती लांबवलेली वर्णने मधेच तुटू लागली. फोनवर जागा बहुधा आणखी कमी मिळते. बातमी किंवा लेख असेल तर गुगल कधी कधी वर्णनाच्या आधी तारीख घालते, आणि तीही याच जागेतून वजा होते. त्यामुळे १५५ ही वरची मर्यादा धरावी, पण मुख्य मजकूर त्याच्या निम्म्यात संपवावा.

मराठीत लिहिणाऱ्यापुढे यानंतर एक प्रश्न उभा राहतो, जो इंग्रजीतली मार्गदर्शक पुस्तके सहसा विचारतच नाहीत. १५५ म्हणजे नेमके काय मोजायचे?

‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. आपल्या डोळ्यांना त्यात चार अक्षरे दिसतात: म, हा, रा आणि ष्ट्र. संगणक मात्र युनिकोड चिन्हे मोजतो. त्याच्या हिशेबात काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, आणि जोडाक्षर जोडणारा पाय मोडण्याचा हलन्तही वेगळा. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये `"महाराष्ट्र".length` असे लिहिले तर उत्तर १० येते. आणि हा शब्द साठवायला यूटीएफ-८ पद्धतीत ३० बाइट लागतात, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे एकाच शब्दाची लांबी ४, १० आणि ३० अशी तीन प्रकारे सांगता येते, आणि तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत.

गोंधळ होतो तो मोजणारा एक माप धरतो आणि कापणारा दुसरे, तेव्हा. जुन्या पीएचपी प्रणालींमध्ये मजकूर कापायला `substr` वापरलेले आढळते. ते बाइट मोजते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट असल्यामुळे तिथे काही बिघडत नाही. वरची लोणारची प्रस्तावना मात्र १५५ बाइटांवर कापली तर तुकडा दुसऱ्या वाक्यापर्यंतही पोहोचत नाही. तो ‘आपल्या महाराष्ट्र’ इथे थांबतो आणि पुढे � हे चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते, कारण ‘ष्ट्रा’मधल्या कान्याचे तीनपैकी दोनच बाइट आत आले आणि तिसरा बाहेर राहिला. मराठी संकेतस्थळाच्या वर्णनाच्या शेवटी असे चिन्ह दिसले, तर प्रणाली बाइट मोजून कापते आहे हे खात्रीने ओळखावे. त्या जागी `mb_substr` वापरले की ती खूण जाते.

पण `mb_substr` चिन्हे मोजते, अक्षरे नव्हे. त्यामुळे तुकडा ‘महाराष्’ असा लोंबत्या हलन्तावर संपू शकतो किंवा ‘मंत्री’मधली दीर्घ वेलांटी गळून ‘मंत्र’ उरू शकतो. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण ‘मंत्र’ हा स्वतंत्र, अर्थपूर्ण शब्द आहे आणि तो तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. उपाय सोपा आहे. कुठल्याही मापाने कापा, पण कापल्यावर मागे सरकत शेवटच्या मोकळ्या जागेपर्यंत या, म्हणजे अर्धा शब्द उरणार नाही. जिथे शक्य असेल तिथे प्रणालीला कापूच देऊ नये आणि वर्णन हाताने लिहावे, हे माझे ठाम मत आहे.

पडद्यावर खरी मर्यादा असते ती रुंदीची. ‘कु’मधला उकार खाली लटकतो, ‘के’मधली मात्रा वर बसते, अनुस्वार डोक्यावर असतो. ही चिन्हे मोजणीत येतात पण आडवी जागा घेत नाहीत. काना आणि दीर्घ वेलांटी मात्र जागा घेतात. त्यामुळे चिन्हांची संख्या सारखी असलेली दोन मराठी वाक्ये पडद्यावर कमी-अधिक रुंद होतात. शिवाय ‘खाऱ्या’तला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र चिन्ह असते. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारे एक जोडचिन्ह असते. दिसायला दोन्ही सारखेच, पण पहिल्या प्रकारात या शब्दाची चिन्हे सहा भरतात आणि दुसऱ्यात सात. मोजणी म्हणून अंदाजासाठी ठेवावी आणि अंतिम निकाल पडद्यावर बघून घ्यावा.

आता लोणारचे वर्णन प्रत्यक्ष लिहून पाहू.

सुरुवात प्रस्तावनेपासून करू नये, शोधणाऱ्याच्या प्रश्नापासून करावी. लोणारबद्दल शोधणाऱ्याला बहुधा हे हवे असते: हे काय आहे, कुठे आहे, तिथे कसे आणि कधी जायचे, गेल्यावर काय पाहायचे. हे प्रश्न हातात धरून प्रस्तावना पुन्हा वाचली की पहिली दोन वाक्ये आपोआप गळतात, कारण ती कोणत्याही पर्यटनस्थळाला लागू पडतील. तिसऱ्या वाक्यात ऐवज आहे, पण ‘जगभरातील अभ्यासकांचे आकर्षण ठरले आहे’ हा भागही वेरूळला किंवा कास पठाराला तितकाच शोभेल, म्हणून तोही जातो. चौथ्या वाक्यातले ‘या लेखात आपण’ आणि ‘यांची माहिती घेणार आहोत’ हे तुकडे मिळून ३५ चिन्हे खातात आणि वाचकाला काहीच देत नाहीत. पान उघडल्यावर माहितीच मिळणार, हे त्याला ठाऊक असते.

उरलेल्याला आवळताना प्रत्येक शब्दाकडे बघावे लागते. ‘बुलढाणा जिल्ह्यातील’ला १९ चिन्हे लागतात, ‘जिल्हा बुलढाणा’ला १४. ‘उल्कापातामुळे तयार झालेले’ऐवजी ‘उल्केच्या आघाताने बनलेले’ घेतले तर एकच चिन्ह वाचते, पण बदल तरीही करावा. उल्कापात म्हटले की रात्रीच्या आकाशातला उल्कांचा वर्षावही मनात येतो, आणि लोणारला घडला तो एक मोठा आघात होता, ज्याने बसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडले. ‘योग्य काळ’ मोघम आहे, ‘योग्य महिने’ म्हटले की वाचकाला नेमके काय मिळेल ते कळते. ‘इतिहास’ हा शब्द गेला, कारण त्यातून काहीच नेमके कळत नव्हते. त्या जागेत विवरात उतरण्याच्या वाटेचा उल्लेख बसतो, अर्थात ती माहिती पानात पुढे दिलेली असेल तरच. पानात नसलेली गोष्ट वर्णनात कधीही घालू नये. त्यासाठी आलेला वाचक ती न सापडल्यावर लगेच मागे फिरतो.

तयार झालेले वर्णन असे:

```html
<meta name="description" content="लोणार सरोवर, जिल्हा बुलढाणा: उल्केच्या आघाताने बनलेले खाऱ्या पाण्याचे विवर. जाण्याचा मार्ग, योग्य महिने, उतरण्याची वाट आणि काठावरची मंदिरे.">
```

यात १३९ चिन्हे आहेत. डोळ्यांनी मोजली तर मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून अक्षरे ८३च भरतात, आणि बाइट ३६९. पहिले वाक्य ७५व्या चिन्हाला संपते. म्हणजे अरुंद फोनवर मागचा भाग कापला गेला, तरी काय आणि कुठे या दोन प्रश्नांची उत्तरे शिल्लक राहतात. मागच्या यादीतूनही सर्वांत जास्त शोधले जाणारे, म्हणजे जाण्याचा मार्ग, पुढे ठेवले आहे आणि मंदिरे शेवटी. कापले जाण्याची शक्यता जिथे सर्वांत जास्त, तिथे सर्वांत कमी गरजेची गोष्ट यावी.

पानाच्या शीर्षकात ‘लोणार सरोवर’ आलेलेच असते, मग वर्णनात पुन्हा का, असे कोणी विचारेल. मी ते ठेवतो. गुगल पानाचे शीर्षक स्वतःच्या पद्धतीने बदलून दाखवू शकते. शिवाय शोधलेले शब्द वर्णनात आले तर ते ठळक दिसतात आणि घाईत असलेल्या माणसाची नजर तिथे थांबते. मात्र ‘लोणार, लोणार सरोवर, लोणार पर्यटन, लोणार माहिती’ अशी शब्दांची माळ लावू नये. या वर्णनातल्या शब्दांमुळे पान यादीत वर चढत नाही, हे गुगलने २००९पासून सांगितलेले आहे. वर्णन लिहायचे ते माणसासाठी.

लोणारच्या वर्णनात एकही क्रियापद नाही, हे लक्षात आले असेल. तसे मुद्दाम केले आहे, आणि मराठीपुरते बोलायचे तर या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही शेवटी. कात्री नेहमी शेवटावर चालते. समजा, एखाद्या योजनेच्या पानावर लिहिले आहे, ‘या योजनेसाठी अर्ज करणाऱ्या शेतकऱ्यांना तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला यापुढे जोडावा लागणार नाही’. हे वाक्य ‘जोडावा लागणार…’ इथे तुटले तर अर्थ उलटा होतो. ते वाचून कोणीतरी कामाचा दिवस मोडून तहसीलला जाऊन रांगेत उभा राहील. तसेच ‘अंतिम तारीख ३१ जुलैवरून ३१ ऑगस्ट करण्यात आली आहे’ हे ‘३१ जुलै’पाशी तुटले तर जुनी तारीखच नवी म्हणून वाचली जाते. इंग्रजीत नकार वाक्यात लवकर येतो, म्हणून तिथे हा धोका कमी असतो. इंग्रजीतले मार्गदर्शन वाचून मराठी वर्णने लिहिणाऱ्यांना तो जाणवत नाही.

यावरची युक्ती वर्तमानपत्रांच्या मथळेकारांना फार पूर्वीपासून अवगत आहे. क्रियापदाचे नाम करायचे आणि निर्णय पुढे आणायचा. ‘उत्पन्नाच्या दाखल्याची अट रद्द: शेतकऱ्यांसाठीच्या योजनेचा नवा अर्ज, लागणारी कागदपत्रे…’ हे कुठेही तोडा, अर्थ उलटत नाही. ‘नवी अंतिम तारीख ३१ ऑगस्ट’ असे लिहिले की जुनी तारीख सांगण्याची गरजच उरत नाही. रद्द, बंद, मनाई, मुदतवाढ, सुरू हे शब्द पहिल्या ओळीत यायला हवेत. सरकारी आणि आरोग्यविषयक पानांवर तर ही गोष्ट प्रत्येक वेळी तपासायला हवी. तपासायची पद्धतही साधी आहे. लिहिलेले वर्णन ६०व्या, ९०व्या आणि १२०व्या चिन्हाजवळच्या शब्दावर तोडून तीनदा वाचायचे. तिन्ही वेळा अर्थ खरा राहिला पाहिजे.

एक तांत्रिक चूक फार आढळते. वर्णनात सरळ दुहेरी अवतरणचिन्ह घातले की कोड तिथेच संपतो. `content="लोणारचे "दैत्यसूदन" मंदिर"` असे लिहिले तर ब्राउझर ‘लोणारचे’ एवढेच वर्णन समजतो आणि पुढचे सगळे वाया जाते. वर्णन एका-दोन शब्दांचेच दिसत असेल, तर आधी अवतरणचिन्हे पाहावीत. त्या जागी ‘ ’ अशी वळणदार एकेरी चिन्हे वापरली की प्रश्न मिटतो.

एवढे करूनही गुगल आपले वर्णन दाखवेलच असे नाही. स्निपेट मुख्यतः पानाच्या मजकुरातून तयार होते आणि पान-मालकाचे वर्णन अधिक उपयोगी वाटले तर ते घेतले जाते. कोणी ‘लोणार सरोवर गुलाबी का झाले’ असे शोधले, तर जून २०२०मध्ये पाण्याचा रंग बदलल्याची माहिती पानात जिथे असेल तो परिच्छेद गुगल उचलेल, आणि ते योग्यच आहे. सगळ्या पानांना एकच वर्णन चिकटवलेले असेल, तर ते दुर्लक्षित होण्याची शक्यता वाढते. म्हणून वर्णनावर केलेली मेहनत प्रस्तावनेवरही करावी. आवळून लिहिलेले ते पहिले वाक्य पानाच्या पहिल्या परिच्छेदातही, थोडे मोकळे करून, वर आणावे: ‘बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर हे उल्केच्या आघाताने बनलेले खाऱ्या पाण्याचे विवर आहे.’ मग गुगलने कुठूनही उचलले तरी कामाचेच हाती लागते. सह्याद्रीच्या रांगा त्यानंतर खुशाल याव्यात. छायाचित्रांच्या ओळी किंवा वर्गणीची सूचना वर्णनात डोकावत असेल, तर तो भाग `<div data-nosnippet>` मध्ये ठेवला की गुगल तो वर्णनासाठी वापरत नाही.

व्हॉट्सॲपवर लिंक पाठवल्यावर तिच्याखाली जे वर्णन दिसते, त्यासाठी `og:description` नावाची वेगळी जागा असते. तिथे हेच वर्णन ठेवायला हरकत नाही, पण ते विसरू नये. मराठी वाचकांपर्यंत बरीच पाने याच वाटेने पोहोचतात.

बदल केल्यावर तो दिसायला वेळ लागतो, कारण गुगलला पान पुन्हा वाचून जावे लागते. त्याला काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. सर्च कन्सोलमधून त्या पानाची पुन्हा नोंद घेण्याची विनंती करता येते. मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की आपली सर्वांत जास्त वाचली जाणारी पाने निवडा, ती फोनवर दोन-तीन वेगवेगळ्या शब्दांनी शोधा आणि खाली येणारे वर्णन परक्या माणसासारखे वाचा. ठिकाणाचे नाव, तारीख किंवा ‘नाही’ कात्रीबाहेर गेलेले दिसले, तर त्या पानाचे वर्णन आजच बदला.